नऊ इंची भिंत किती उंच चढवता येते? आधी तिला कोण धरून आहे ते पाहा

प्रश्न: गावी कॉलमशिवाय, विटांच्या भिंतींवरच घर बांधतोय. हॉल 24 फूट लांब, 13 फूट रुंद, आणि हवा खेळावी म्हणून उंची 13 फूट. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पत्रा, मग स्लॅब. नकाशात हॉलच्या मधोमध एक आडवी भिंत दाखवली आहे, ती काढून हॉल मोकळा ठेवायचा विचार आहे. पुढच्या भिंतीला नऊ फूट उंचीचं सरकतं काचेचं दार हवं आहे. गवंडी म्हणतो नऊ इंची भिंत आहे, काही होत नाही. इंजिनिअर म्हणाले स्लेंडरनेस रेशो बसत नाही. हा रेशो नक्की काय आणि कोणाचं खरं?

उत्तर: इंजिनिअरचं खरं आहे. गवंडीही खोटं बोलत नाही, पण तो स्लॅबच्या घरांचा अनुभव सांगतोय आणि तुम्ही पत्र्याचं घर बांधताय. सगळा घोळ त्या फरकातच आहे.

लाकडी फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. मोडायच्या आधी ती मधोमध बाहेर वाकते. तेवढ्याच जाडीचा बोटभर तुकडा घ्या, कितीही दाबला तरी वाकत नाही. भिंतीचंही तसंच. उंची भागिले जाडी हा तो रेशो. मात्र उंची म्हणजे टेपने मोजलेली उंची नव्हे, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. फूटपट्टीचं वरचं टोक दुसऱ्या हाताने घट्ट पकडलं तर ती किती कमी वाकते ते बघा. पट्टी तीच, लांबी तीच, तरी जणू आखूड झाली. वरचं टोक मोकळं सोडलं तर जणू लांब झाली. विटांच्या बांधकामाचं आपल्याकडचं मानक, आयएस 1905, हेच आकड्यांत मांडतं आणि त्याला परिणामी उंची म्हणतं.

वर काँक्रीटचा स्लॅब भिंतीवर नीट, निदान 9 सेंटिमीटर टेकला असेल आणि खाली पाया असेल, तर भिंत दोन्ही टोकांना पक्की धरलेली मानतात आणि परिणामी उंची खऱ्या उंचीच्या पाऊणपट घेतात. खाली पाया पक्का, पण वर फक्त सरकू न देणारा आधार असेल, म्हणजे नीट जखडलेलं लाकडी छप्पर वगैरे, तर 0.85 पट. वर काहीच आधार नसेल तर दीडपट. पाऊण आणि दीड यांत बरोबर दुपटीचा फरक आहे. म्हणजे स्लॅबखाली जी भिंत निवांत उभी असते, तीच भिंत वरून मोकळी असेल तर कागदावर दुप्पट उंच होते.

आता तुमची भिंत घेऊ. उंची जोत्यापासून मोजायची नसते, पायाच्या वरच्या थरापासून मोजायची असते. पाया जमिनीखाली एक फूट आणि जोतं दोन फूट धरलं तर खालचे 0.9 मीटर आधीच आले. वरचे 13 फूट म्हणजे 3.96 मीटर. मिळून साधारण 4.9 मीटर. जोत्यावर काँक्रीटचा ओलावारोधक थर असेल आणि तो विटांना नीट चिकटलेला असेल, तर त्याने भिंत तुटली असं धरत नाहीत. म्हणून हे खालचे तीन फूट सोडता येत नाहीत. जाडी 230 मिलिमीटर. गिलावा धरायचा नाही. आतून-बाहेरून गिलावा करून भिंत दहा-साडेदहा इंच भरते, पण त्याने ताकद वाढत नाही.

स्लॅब असता तर: 4.9 च्या पाऊणपट 3.68, भागिले 0.23, म्हणजे 16. सिमेंटच्या मालातल्या भिंतीला आयएस 1905 ने 27 ची मर्यादा घातली आहे. भरपूर वाव आहे. गवंडी ज्या घरांवर वाढला ती सगळी या हिशेबातली.

पत्रा असताना: 4.9 च्या दीडपट 7.35, भागिले 0.23, म्हणजे 32. मर्यादेच्या पार वर. दोन फूट कमी करून 11 फूट उंची ठेवली तरी साडेसत्तावीसच्या पुढेच जातं. दहा फुटांवर आणलं तर 26 येतं आणि कशीबशी बसते.

तुम्ही विचाराल, पत्रा आहे ना वर, तो धरत नाही का? नाही धरत. पत्रा जे-हुकने पाइपला अडकवलेला आणि पाइप भिंतीत दोन विटा काढून बसवलेला असेल, तर तो भिंतीवर टेकतो, तिला धरत नाही. वारा बाहेरून भिंतीवर आला तर पाइप त्या भोकात सरकतो आणि भिंत आपल्या वाटेने जाते.

पण उंचीवर बसत नाही म्हणून भिंत लगेच नापास होत नाही. वरून धरलेलं नसेल तर बाजूंनी धरलेलं चालतं. म्हणून लांबीचाही रेशो काढायचा आणि दोन्हींपैकी जो कमी येईल तो घ्यायचा. तुमच्या आडव्या भिंतीची गोष्ट इथे सुरू होते.

24 फुटांची भिंत, दोन्ही टोकांना काटकोनातल्या भिंती, मध्ये काही नाही. मध्यापासून मध्यापर्यंत लांबी 7.5 मीटर. टोकाला भिंत आधार देते, पण तुमची भिंत तिच्या पलीकडे चालू राहत नाही, म्हणून परिणामी लांबी तेवढीच, 7.5. भागिले 0.23, म्हणजे 32.6. इथेही नापास. उंचीचा 32, लांबीचा 32.6, कमीतला 32. काहीच वाचवत नाही.

आता नकाशातली मधली भिंत ठेवा. लांबी दोन भागांत विभागली, प्रत्येकी 3.75 मीटर. एका टोकाला आधार आणि दुसऱ्या टोकाला भिंत आधारापलीकडे चालू, अशा वेळी परिणामी लांबी 0.9 पट धरतात. 3.75 च्या 0.9 पट 3.38, भागिले 0.23, म्हणजे 14.7. पत्र्याखालीच, त्याच उंचीला, तीच नऊ इंची भिंत एकदम निर्धास्त. जी भिंत तुम्ही काढायला निघालात तीच सगळा डोलारा सांभाळून आहे. तुमच्या इंजिनिअरने ती उगाच दाखवलेली नाही.

हा आधार खरा व्हायला दोन अटी आहेत. पहिली, आडवी भिंत मुख्य भिंतीत थराथराने गुंफलेली हवी, दोन्ही एकाच वेळी वर चढत गेलेल्या. साइटवर बऱ्याचदा मुख्य भिंत आधी पूर्ण करतात आणि आडवी नंतर तिला लावून बांधतात. दाते सोडलेले असतील तर निदान काही तरी पकड मिळते, नुसती टेकवली असेल तर मध्ये उभी सरळ चीर राहते आणि गिलाव्याखाली ती दिसतही नाही. वर्ष-दोन वर्षांनी कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत सुतासारखी भेग आली की समजायचं, आधार कागदावरच होता. दुसरी अट खिडकीची. आडव्या भिंतीच्या चेहऱ्यापासून उंचीच्या आठव्या भागात खिडकी-दार नको. तुमच्याकडे 4.9 भागिले 8 म्हणजे सुमारे दोन फूट. कोपऱ्याला चिकटून खिडकी घ्यायची हौस असते लोकांना, ती इथे महागात पडते. आणि फूटभर बाहेर आलेला भिंतीचा तुकडा म्हणजे आडवी भिंत नव्हे.

सरकत्या दाराचंही याच हिशेबात येतं. नियम असा की उघडी जागा भिंतीच्या निम्म्या उंचीपेक्षा जास्त उंच असेल तर तिथे भिंत तुटली आणि ते टोक मोकळं धरायचं. निम्मी उंची 2.45 मीटर. सात फुटांचं साधं दार 2.1 मीटरचं, ते सुटतं. तुमचं नऊ फुटांचं दार 2.74 मीटर होतं, ते सुटत नाही. मग कोपऱ्यापासून दाराच्या कडेपर्यंतचा तुकडा एका टोकाला धरलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा राहतो, त्याची परिणामी लांबी दुप्पट धरतात. 27 च्या मर्यादेत राहायचं तर असा तुकडा 3.1 मीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणजे दहा फूट. तुमचं दार आठ फूट रुंद धरलं आणि ते मधोमध असेल तर दोन्ही बाजूंचे तुकडे साधारण आठ फुटांचे राहतील आणि बसतील. दार एका कडेला सरकवलंत आणि दुसरीकडे एकच लांब तुकडा उरला तर बसणार नाही.

27 हा आकडा बसला की भिंत दाबालाही पुरतेच असं नाही, कारण रेशो वाढेल तसा भिंतीला झेपणारा दाब उतरत जातो. 6 ला पूर्ण, 16 ला 0.73 पट, 20 ला 0.62, 27 ला 0.43. मात्र तुमच्यासारख्या एकमजली घरात दाब हा प्रश्नच नसतो. गावाकडची साधी वीट, 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीची, सिमेंट-वाळूच्या 1:5 मालात बांधली तर तिला त्याच मापात 0.35 दाब चालतो, त्याच्या 0.73 पट म्हणजे 0.255. स्लॅब आणि भिंतीचं स्वतःचं वजन मिळून जोत्याखाली दर मीटरला सुमारे 37 किलोन्यूटन येतं, म्हणजे 0.16. दाबाने विटा चेंगरत नाहीत, पुढे एक मजला चढवायचा असेल तर मात्र हा भाग परत तपासावा लागतो. घरांच्या भिंती पडतात त्या बहुतेक वेळा बाजूने, वाऱ्याने आणि भूकंपाने.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गोदामाचं काम चालू होतं. लांबीकडची भिंत चाळीस फुटांची, नऊ इंची, 13 फुटांपर्यंत चढलेली, छपराच्या कैच्या अजून वर्कशॉपमध्येच. मे महिना. मी शनिवारी साइटवर होतो आणि सोमवारी कैच्या येणार म्हणून टेकू लावायचं राहू दिलं. रविवारी संध्याकाळी वळीव आला, पाऊस कमी, वावटळच जास्त. सोमवारी सकाळी पाहिलं तर भिंत बाहेरच्या बाजूला एका अख्ख्या फळ्यासारखी पालथी पडली होती, थर मोजता येतील इतकी शाबूत. तुटली होती जोत्याच्या थरावर, सरळ रेषेत. दोन्ही कोपऱ्यांत मात्र आडव्या भिंतींना चिकटून तिरके तुकडे उभे होते, वर अरुंद, खाली रुंद. कोपऱ्यांनी भिंत कुठपर्यंत धरली होती ते कोणीतरी खडूने आखून दाखवावं तसं. रविवार होता म्हणून खाली माणूस नव्हता.

नंतर हिशेब केला तेव्हा मीच हादरलो. चार मीटर उंच नऊ इंची भिंतीचं वजन दर मीटर लांबीला साधारण 17.5 किलोन्यूटन. ती उलटायला विरोध करते तो स्वतःच्या अर्ध्या जाडीच्या हाताने, 0.115 मीटर, म्हणजे 2 किलोन्यूटन-मीटर. आमच्या भागात वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद धरतात. त्याच्या निम्मा, म्हणजे ताशी 70 किलोमीटरचा वारा घेतला तर दर चौरस मीटरला 23 किलोचा रेटा येतो. ऐकायला काहीच नाही. पण चार मीटर उंचीवर तो 1.8 किलोन्यूटन-मीटर उलटवणारा जोर देतो. म्हणजे निम्म्या वेगाच्या वाऱ्यातच मोकळी भिंत काठावर येते. ओल्या मालाची पकड धरून तिच्या भरवशावर राहणं म्हणजे जुगार. तेव्हापासून दिवसाला चार-साडेचार फुटांपेक्षा जास्त भिंत चढवू देत नाही, आणि स्लॅब किंवा छप्पर बसेपर्यंत उंच भिंतीला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू लावल्याशिवाय साइट सोडत नाही. स्लॅबच्या घरालासुद्धा स्लॅब पडेपर्यंतचे ते पंधरा-वीस दिवस पत्र्याच्या घराचेच असतात.

जाडीबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण गावाकडच्या जुन्या दगडी घरांकडे बोट दाखवून लोक सांगतात, दोन फुटी भिंत आहे, तिला कसला रेशो. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीला ज्या भिंतींनी माणसं गाडली त्या दोन फुटी आणि त्याहून जाडच होत्या. पण त्या एक भिंत नव्हत्या. आतला चेहरा वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही चेहऱ्यांना आरपार जोडणारे थ्रू स्टोन नव्हते. शिवाय माळवदाचं वजन लाकडी खांबांवर, म्हणजे छपरानेही भिंतीला धरलेलं नाही. हादरा बसला तसे दोन्ही चेहरे एकमेकांपासून सुटले आणि प्रत्येक चेहरा एकटा, पातळ भिंतीसारखा वागला. रेशोत जी जाडी टाकायची ती एकजीव जाडी. विटेच्या नऊ इंची भिंतीतही आडव्या विटांचे थर चोरले आणि दोन साडेचार इंची भिंती पाठीला पाठ लावून उभ्या केल्या तर तेच होतं.

चुन्याच्या मालाला मर्यादाही कमी आहे, दोन मजल्यांपर्यंत 20 आणि त्यापुढे 13. साडेचार इंची भिंत घ्यायची का, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. स्लॅबखाली, दहा-साडेदहा फुटांच्या उंचीला, रेशोच्या हिशेबात ती 22 च्या आसपास बसते. तरीही तिच्यावर मी स्लॅब टेकवत नाही. 110 मिलिमीटरच्या भिंतीवर 90 चा टेकू द्यायचा, मध्ये विजेच्या पाइपसाठी खाच मारायची, आणि मग भूकंपात ती उभी राहील अशी आशा करायची, हे मला पटत नाही.

आता तुमच्यासाठी मार्ग. मधली भिंत ठेवणं सगळ्यात स्वस्त. हॉल मोकळाच हवा असेल तर सरळ आत्ताच स्लॅब टाका, रेशो 16 वर येतो. पण भूकंपात आडवा जोर पेलायलाही ती भिंत लागते, त्यामुळे काढायच्या आधी इंजिनिअरला तो हिशेब वेगळा करायला सांगा, विशेषतः कोयनेच्या बाजूला घर असेल तर.

दोन-तीन वर्षं पत्राच ठेवायचा आणि भिंतही नको, तर मग पिलर काढा. साधारण अडीच मीटरवर एक, 350 मिलिमीटर रुंद आणि भिंतीसकट 460 मिलिमीटर खोल, भिंतीतच गुंफलेले. अंतर भागिले रुंदी साधारण 7, खोली भिंतीच्या दुप्पट, यासाठी जाडी 1.34 पट धरता येते, म्हणजे 308 मिलिमीटर. 7.35 भागिले 0.308, म्हणजे 24. बसलं. ही वाढीव जाडी फक्त उंचीच्या रेशोसाठी, लांबीच्या रेशोत घालायची नाही, ही चूक अनेक ड्रॉइंगवर दिसते.

दुसरा मार्ग छपरालाच भिंत धरायला लावायचा. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग 150 मिलिमीटरचा काँक्रीटचा बँड, त्यात चार सळ्या, आणि कैचीचे बोल्ट बँड ओतायच्या आधीच त्यात सोडलेले. नंतर ड्रिल मारून विटेत ठोकलेले चालणार नाहीत. शिवाय छपराच्या पातळीत तिरके ब्रेसिंग, जे वाऱ्याचा रेटा टोकाच्या भिंतींपर्यंत नेईल. बँड एकटा 24 फूट आडवा तग धरत नाही, ब्रेसिंग नसेल तर तोही भिंतीबरोबर वाकतो. हे सगळं झालं तर 0.85 पट धरता येईल आणि रेशो 18 वर येईल. पुढे स्लॅब टाकताना बँड वाया जात नाही, त्याच्यावरच स्लॅब टेकतो. म्हणून दोन-तीन वर्षांनी स्लॅब नक्की होणार असेल तर मी पिलरपेक्षा हा मार्ग घेईन.

काम झाल्यावर वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, लांब भिंतीवर ओळंबा तीन ठिकाणी सोडून पाहा: माथ्याशी, मध्यावर आणि जोत्यावर. मध्य बाहेर आलेला दिसला, किंवा जोत्याच्या थरावर आतल्या बाजूने आडवी भेग दिसली, तर गिलावा भरून झाकू नका, इंजिनिअरला बोलवा. आणि गवंड्याला एवढंच विचारा: आडव्या भिंतीचे थर मुख्य भिंतीबरोबर चढवणार, की दाते सोडून नंतर?